आर-एल सर्किटला साइन व्होल्टेज दिल्यावर: करंटचे दोन भाग वेगळे कसे काढायचे

१०० मिलिहेन्रीची एक कॉइल घ्या आणि तिच्याबरोबर सिरीजमध्ये १० ओहमचा रेझिस्टर जोडा. या जोडीला ५० हर्ट्झचं एसी व्होल्टेज देऊन स्विच लावा आणि करंटच्या पहिल्या दोन-तीन सायकली ऑसिलोस्कोपवर बघा. मग स्विच काढून पुन्हा लावा. दर वेळी चित्र वेगळं येतं. कधी पहिलं शिखर नंतरच्या शिखरांपेक्षा बरंच उंच असतं, कधी वरच्याऐवजी खालची बाजू खोल जाते, आणि एखाद्या वेळी करंट पहिल्या क्षणापासून शहाण्यासारखा वागतो. तीनेक सायकलींनंतर मात्र सगळी चित्रं तंतोतंत सारखी होतात.

शेवटी उरतो तो करंटचा स्थिर भाग, म्हणजे स्टेडी-स्टेट. सुरुवातीला त्याच्यावर चढून बसलेला आणि हळूहळू विरणारा भाग म्हणजे ट्रान्झियंट. या लेखात आधी कागदावर हे दोन भाग वेगळे काढू, मग सिम्युलेशनमध्ये ताडून पाहू आणि शेवटी स्कोपवर नोंदवलेल्या लहरीतून ते कसे सोडवायचे ते बघू. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय आणि इम्पिडन्स कसा काढतात, एवढं येत असलं तरी पुरे.

आधी समीकरण आणि एक कोन

कॉइलवरचं आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज मिळून पुरवठ्याच्या व्होल्टेजइतकं होतं:

```
L di/dt + R i = Vm sin(ωt + α)
```

यातला `α` नवख्यांना नेहमी अडखळवतो. घड्याळ आपण स्विच लावल्याच्या क्षणी सुरू करतो, म्हणजे `t = 0` तिथे. त्या क्षणी व्होल्टेजची लहर तिच्या सायकलमध्ये कुठे होती, ते `α` सांगतो. व्होल्टेज शून्यातून वर जात असताना स्विच लागला तर `α = 0`, शिखरावर असताना लागला तर `α = 90°`. हाताने दाबलेल्या स्विचला हा कोन निवडता येत नाही. दर वेळी चित्र वेगळं येतं ते त्यामुळेच.

आकडे असे घेऊ: R = १० ओहम, L = ०.१ हेन्री, पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. २३० हे आरएमएस मूल्य असल्यामुळे शिखर व्होल्टेज `Vm` ३२५.३ व्होल्ट होतं. पहिल्या फेरीत `α = 0` धरू.

पहिली पायरी: स्विच विसरा, स्थिर भाग काढा

सर्किट कायमचं चालूच आहे अशी कल्पना करा. मग करंटही ५० हर्ट्झचीच साइन लहर असणार, फक्त व्होल्टेजच्या मागे रेंगाळणारी. तिची उंची आणि मागे पडण्याचा कोन नेहमीच्या रीतीने मिळतो:

```
ωL = 314.16 × 0.1 = 31.42 Ω
Z  = √(10² + 31.42²) = 32.97 Ω
φ  = tan⁻¹(31.42 / 10) = 72.34°
Im = 325.3 / 32.97 = 9.87 A

iss = 9.87 sin(ωt − 72.34°)
```

कॅल्क्युलेटरवर इथे एक हमखास घोटाळा होतो. `ωt` रेडियनमध्ये येतो, `φ` अंशांत असतो आणि दोघांची सरळ वजाबाकी केली जाते. ५० हर्ट्झला एक सोपा मार्ग आहे. २० मिलिसेकंदांत ३६० अंश, म्हणजे दर मिलिसेकंदाला १८ अंश. `ωt` च्या जागी `18 × t` लिहा, `t` मिलिसेकंदात घ्या, म्हणजे सगळं अंशांतच राहतं.

दुसरी पायरी: पुरवठा विसरा, विरणारा भाग काढा

आता उलटं करा. समीकरणाची उजवी बाजू शून्य धरा. कॉइलमध्ये काही करंट आहे आणि तो रेझिस्टरमधून जिरतो आहे, एवढंच उरतं. याचं उत्तर एकाच घडणीचं असतं:

```
itr = A e^(−t/τ),   τ = L/R = 0.1/10 = 0.01 s = 10 ms
```

`τ` म्हणजे टाइम कॉन्स्टंट. तेवढ्या वेळात हा भाग मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो आणि पाच `τ` मध्ये एक टक्क्याच्याही खाली जातो. आपल्या सर्किटमध्ये पाच `τ` म्हणजे ५० मिलिसेकंद, अडीच सायकली. तीन सायकलींनंतर चित्रं सारखी होण्याचं कारण हेच.

लक्षात घ्या, विरण्याच्या वेगाचा पुरवठ्याशी काही संबंध नाही. फ्रिक्वेन्सी बदला, व्होल्टेज दुप्पट करा, `τ` तोच राहतो. `A` किती, हे मात्र अजून ठरलेलं नाही. गोम तिथेच आहे.

तिसरी पायरी: A ठरवणं

कॉइलमधला करंट एका क्षणात उडी मारू शकत नाही, कारण उडीसाठी कॉइलवर अमर्याद व्होल्टेज लागेल. स्विच लावण्याआधी करंट शून्य होता, म्हणून लावल्याच्या क्षणीही तो शून्यच असायला हवा. पण स्थिर भागाला त्या क्षणी कुठे असायचं आहे, ते बघा:

```
iss(0) = 9.87 sin(−72.34°) = −9.40 A
```

स्थिर भाग म्हणतो, मी उणे ९.४० ॲम्पिअरवर असायला हवा. कॉइल म्हणते, मी शून्यावर आहे. ही ९.४० ॲम्पिअरची तफावत कशाने तरी भरून निघायला हवी, आणि ती भरून काढतो तो ट्रान्झियंट. म्हणून `A = +9.40`. ट्रान्झियंट हा बाहेरून आलेला वेगळा करंट नव्हे. त्या क्षणी करंट जिथे आहे आणि स्थिर भागाच्या हिशेबाने जिथे असायला हवा होता, त्या दोहोंतलं हे अंतर आहे. `τ` च्या गतीने ते मिटत जातं.

```
i(t) = 9.87 sin(ωt − 72.34°) + 9.40 e^(−t/10ms)
```

कुठल्याही `α` साठी हेच असं लिहितात:

```
i(t) = Im [ sin(ωt + α − φ) + sin(φ − α) e^(−t/τ) ]
```

परीक्षेच्या वहीत सर्वांत जास्त दिसणारी चूक इथलीच. विद्यार्थी `i(0) = 0` ही अट एकट्या ट्रान्झियंटला लावतात. त्यातून `A = 0` येतो, ट्रान्झियंट गायबच होतो आणि उत्तर उणे ९.४० ॲम्पिअरपासून सुरू होतं. अट नेहमी दोन्ही भागांच्या बेरजेला लावायची, म्हणून आधी स्थिर भाग, मग `A` हा क्रम मोडायचा नाही. सुरुवातीचा करंट शून्य नसून `i0` असेल, तर `A = i0 − iss(0)`. बाकी काही बदलत नाही.

चौथी पायरी: आकडे मांडा आणि तपासा

दर पाव सायकलीला दोन्ही भाग मांडले की काय चाललंय ते उघड दिसतं. सगळे आकडे ॲम्पिअरमध्ये आहेत.

| वेळ (मिलिसेकंद) | स्थिर भाग | ट्रान्झियंट | एकूण करंट |
|---|---|---|---|
| ० | −९.४० | ९.४० | ० |
| ५ | २.९९ | ५.७० | ८.७० |
| १० | ९.४० | ३.४६ | १२.८६ |
| १५ | −२.९९ | २.१० | −०.९० |
| २० | −९.४० | १.२७ | −८.१३ |

करंटचं पहिलं शिखर ८.६१ मिलिसेकंदांना १३.७६ ॲम्पिअरचं येतं, म्हणजे नेहमीच्या ९.८७ च्या जवळजवळ १.३९ पट. त्यानंतरची दरी मात्र ९.८७ पर्यंत पोचत नाही, कारण ट्रान्झियंट तिला वर ओढून धरतो. सगळी लहर वर सरकलेली दिसते आणि हळूहळू मधोमध येते.

उत्तर बरोबर आहे का, हे पाहायला मी आरंभीच्या चढावर भरवसा ठेवतो. `i(0) = 0` तर आपणच लादलेलं आहे, त्यामुळे ते जुळलं म्हणून फारसं काही सिद्ध होत नाही. पण मूळ समीकरणात `t = 0` घातला, तर करंट शून्य असल्याने `L di/dt = Vm sin α` एवढंच उरतं, आणि `α = 0` असल्यामुळे सुरुवातीचा चढ शून्य असायला हवा. आपल्या उत्तरात स्थिर भागाचा चढ `9.87 × 314.16 × cos 72.34°`, म्हणजे सेकंदाला सुमारे अधिक ९४० ॲम्पिअर येतो. ट्रान्झियंटचा चढ `−9.40 / 0.01`, म्हणजे उणे ९४०. बेरीज शून्य. `φ`, `τ` किंवा `A` यांपैकी एकही चुकला असता तर हे जुळलं नसतं. कोणी `L/R` च्या जागी `R/L` लिहिलं असलं तरी तेही इथेच पकडलं जातं.

कोणत्या कोनावर काय होतं

सूत्रात `α = φ` ठेवा. `sin(φ − α)` शून्य होतो आणि ट्रान्झियंट उरतच नाही. आपल्या सर्किटला हा क्षण व्होल्टेज शून्यातून वर निघाल्यापासून ४.०२ मिलिसेकंदांनी येतो, बरोबर शिखरावर नव्हे. शिखरावर, म्हणजे ५ मिलिसेकंदांना स्विच लावला, तर उणे २.९९ ॲम्पिअरचा ट्रान्झियंट येतोच. कॉइलचा रोध नगण्य असेल तर `φ` ९० अंशांजवळ जातो आणि मग शिखरावर लावणंच योग्य ठरतं. म्हणूनच सबस्टेशनमधला शंट रिॲक्टर करंटची लहर एका बाजूला सरकू न देता चालू करायचा असेल, तर ब्रेकर व्होल्टेजच्या शिखरापाशी लागेल अशी वेळ साधतात. झीरो-क्रॉसिंगचा सॉलिड स्टेट रिले हीटरला उत्तम, पण इंडक्टिव्ह लोडला नेमका नको त्या क्षणी लागतो, तेही याच सूत्रामुळे.

एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. सगळ्यात मोठा ट्रान्झियंट आणि सगळ्यात उंच शिखर, या दोन गोष्टी एकाच कोनाला होत नाहीत. ट्रान्झियंट सर्वांत मोठा होतो तो `α = φ − 90°` ला, इथे उणे १७.६६ अंशांना. तेव्हा `A` पूर्ण ९.८७ असतो, पण शिखर १३.५७ ॲम्पिअरच येतं, कारण स्थिर भाग त्याच्या शिखरावर पोचेपर्यंत ट्रान्झियंटला विरायला थोडा जास्त वेळ मिळतो. `α = 0` ला `A` थोडा कमी असूनही शिखर १३.७६ पर्यंत जातं. संरक्षणासाठी शिखर मोजायचं असेल तर व्होल्टेजच्या शून्यावरचा क्षण धरायचा.

सिम्युलेशनमध्ये ताडून पाहताना

एलटीस्पाइसमध्ये एवढी नेटलिस्ट पुरते:

```
* RL
V1 in 0 SIN(0 325.3 50 0 0 0)
L1 in mid 100m ic=0
R1 mid 0 10
.tran 0 80m 0 10u uic
.end
```

`SIN` मधला शेवटचा आकडा म्हणजे `α`, अंशांत. `I(R1)` चा आलेख काढा आणि पहिलं शिखर १३.७६ ला येतं का बघा.

शेवटचं `uic` विसरलात तर `α = 0` ला काही बिघडलेलं दिसणार नाही, आणि धोका त्यातच आहे. मग कोन ९० केला की आलेख शून्याऐवजी ३२.५ ॲम्पिअरपासून सुरू होतो. कारण असं, की `uic` नसेल तर प्रोग्राम आधी डीसी स्थिती काढतो. त्यासाठी तो पुरवठ्याचं `t = 0` चं व्होल्टेज, म्हणजे ३२५ व्होल्ट, जणू अनादिकाळापासून तिथेच होतं असं धरतो. डीसीला कॉइल म्हणजे नुसती तार, म्हणून ३२५ भागिले १०. आलेख शून्यातून निघत नसेल तर सूत्रावर शंका घेण्याआधी ही ओळ बघा.

स्कोपवरच्या लहरीतून दोन भाग सोडवणं

कागदावर R आणि L आपल्याला माहीत असतात. टेबलावर हातात फक्त एकूण करंटची नोंद असते. तिच्यातून ट्रान्झियंट वेगळा काढायची एक फार सुंदर युक्ती आहे. साइन लहर अर्ध्या सायकलीनंतर बरोबर उलटी होते. म्हणून नोंद घ्या, तीच नोंद अर्धी सायकल, म्हणजे १० मिलिसेकंद, पुढची घ्या आणि दोन्हींची बेरीज करा:

```
s(t) = i(t) + i(t + 10ms)
```

स्थिर भाग स्वतःलाच खोडतो. उरतो तो फक्त ट्रान्झियंट, `1 + e^(−10ms/τ)` या आकड्याने गुणलेला. वरच्या तक्त्यातलेच आकडे घेऊ. `s(0)` म्हणजे ० अधिक १२.८६, म्हणजे १२.८६. `s(10ms)` म्हणजे १२.८६ उणे ८.१३, म्हणजे ४.७३. दोघांचं गुणोत्तर ०.३६८, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम उणे १. म्हणजे १० मिलिसेकंदांत एक `τ` सरला, अर्थात `τ = 10ms`. आता गुणक १.३६८ झाला, आणि १२.८६ भागिले १.३६८ म्हणजे ९.४०. R, L, कोन यातलं काहीही माहीत नसताना `A` आणि `τ` दोन्ही हाती आले. मूळ नोंदीतून `A e^(−t/τ)` वजा करा, उरेल तो स्थिर भाग.

प्रत्यक्ष करताना २३० व्होल्टच्या वाटेला जाऊ नका. १२ व्होल्टचा, बऱ्यापैकी मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. सर्किट रेषीय असल्यामुळे सगळे आकडे १२/२३० पटीने लहान होतात, पहिलं शिखर ०.७२ ॲम्पिअर येतं, लहरीची घडण मात्र तीच राहते. स्विच ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी बाजूला ठेवा, नाहीतर ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा झटका मोजणीत मिसळेल. १० ओहमपैकी १ ओहम वेगळा ठेवून त्याच्यावरचं व्होल्टेज स्कोपला द्या, दुसऱ्या चॅनेलवर पुरवठा. स्कोप सिंगल-शॉट ट्रिगरवर हवा. कॉइलच्या तारेचा रोध मल्टिमीटरने मोजून R मध्ये धरा. वाइंडिंग ४ ओहमचं निघालं तर बाहेरून ६ ओहमच जोडायचे, त्यातच तो १ ओहम आला.

बेरजेचा आलेख नीट वाचला तर तो बरंच काही सांगतो. शेपटी शून्यावर न येता एखाद्या ठरावीक उंचीवर स्थिरावली, तर तो स्कोपचा किंवा प्रोबचा ऑफसेट समजा. बेरजेत तो दुप्पट झालेला असतो. आधी तो काढून टाका, नाहीतर `τ` खोटाच मोठा येईल. शेपटीत ५० हर्ट्झची बारीक लाट उरली तर अर्ध्या सायकलीची वेळ किंचित चुकली आहे. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९ असेल तर अर्धी सायकल १०.०२ मिलिसेकंदांची होते, म्हणून सायकल गृहीत न धरता नोंदीच्या शेवटच्या भागातून मोजून घ्या.

सर्वांत बोलकी खूण तिसरी. बेरजेचा लॉगरिदम वेळेसमोर मांडला तर सरळ रेघ यायला हवी. ती वाकडी आली, तर L स्थिर नाही, म्हणजे कॉइलचा लोखंडी गाभा सॅच्युरेट होतोय. शिखरावरूनही हे कळतं. रेषीय सर्किटमध्ये रोध अगदी शून्य असला, तरी करंटचं पहिलं शिखर स्थिर शिखराच्या दुपटीपलीकडे जाऊच शकत नाही, कारण `A` कधी `Im` पेक्षा मोठा होत नाही. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज देताना दुपटीच्या कितीतरी पट झटका दिसतो. तिथे वरचं सूत्र लागू होत नाही, आणि ते लावून काढलेला `τ` निरर्थक असतो.

हेच सूत्र ब्रेकरच्या पाटीवर

हाय व्होल्टेज ब्रेकरच्या पाटीवर ब्रेकिंग करंट, म्हणजे ब्रेकर तोडू शकतो तो करंट, २५ किलोॲम्पिअर लिहिलेला असेल, तर मेकिंग करंट, म्हणजे लागताना तो झेलू शकतो तो करंट, ६२.५ किलोॲम्पिअर असतो, बरोबर अडीच पट. हा अडीच आपल्याच सूत्रातून आलेला आहे. शॉर्ट सर्किट झालेली लाइन म्हणजे एक आर-एल सर्किटच, फक्त रोध फार कमी. आयईसीच्या प्रमाणात तिचा टाइम कॉन्स्टंट ४५ मिलिसेकंद धरलेला आहे. वाईटात वाईट क्षणी ब्रेकर लागला, तर पहिलं शिखर सुमारे अर्ध्या सायकलीनंतर येतं:

```
1 + e^(−10/45) = 1.80
1.80 × √2 = 2.55
```

`√2` कशासाठी? ब्रेकिंग करंट आरएमएसमध्ये देतात आणि मेकिंग करंट शिखराचा असतो. २.५५ चाच पाटीवर अडीच झाला. मोठ्या जनरेटरजवळ टाइम कॉन्स्टंट याहून बराच लांब असू शकतो. तो १२० मिलिसेकंद असेल तर हाच हिशेब २.७ वर जातो, आणि ६२.५ किलोॲम्पिअरची पाटी असलेल्या ब्रेकरला तिथे ६७ किलोॲम्पिअरहून मोठं शिखर झेलावं लागेल.